ज्येष्ठांचा गौरव आणि आदरार्थाची निवड : घोलवड–कोसबाड परिसरातील एक उदाहरण

मराठीत वयाने वा अधिकाराने फार मोठ्या असलेल्या व्यक्तीचा गौरव करावयाचा म्हटले की लिहिणाऱ्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. आदर दाखविण्याची साधने या भाषेत विपुल आहेत. तीर्थरूपापासून साहेबापर्यंत शब्दांची वाण नाही. अडचण निराळीच आहे. गौरव करणे म्हणजे गुणांचे मोल ठरविणे होय आणि मोल ठरविण्याचा अधिकार परंपरेने वडिलांकडे असतो, धाकट्याकडे नसतो. आजोबांनी नातवाचे कौतुक करावे. नातू आजोबांचे कौतुक करू लागला तर ऐकणाऱ्याला ते खटकते. ‘शाबास’ हा शब्द तर केवळ वरून खालीच येतो. म्हणून धाकट्याच्या तोंडून थोराचा गौरव कोणत्या शब्दांनी व्हावा, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नसून तो भाषेच्या रचनेचाही प्रश्न आहे. या प्रश्नाला मराठीने कालक्रमाने कोणती उत्तरे दिली, हे पाहण्यासाठी घोलवड आणि त्याच्या शेजारची बोर्डी व कोसबाड ही गावे विशेष उपयोगी पडतात. मराठी व गुजराती यांच्या सीमेवरील या मुलखात विसाव्या शतकाच्या मध्याला आदराच्या दोन-तीन निरनिराळ्या रीती एकमेकींशेजारी नांदत होत्या, आणि ताराबाई मोडक यांच्या नावाभोवती त्या एकत्र आलेल्या दिसतात.

१

प्रथम जुन्या रीतीचा विचार करणे आवश्यक आहे. मराठी पत्रव्यवहाराचे नियम सांगणाऱ्या ‘मेस्तक’ नावाच्या लेखनाची परंपरा हेमाडपंतापर्यंत नेली जाते. कोणास कोणता मायना लिहावा, आपला उल्लेख कोणत्या पदाने करावा आणि पत्राचा शेवट कसा करावा, हे त्यात ठरवून दिलेले असे. पेशवेकालीन पत्रांत ही शिस्त सर्वत्र दिसते. बरोबरीच्या प्रतिष्ठित गृहस्थास ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असा मायना जाई. छत्रपतींकडे जाणारे पत्र ‘स्वामींचे सेवेशी’ जाई आणि लिहिणारा स्वतःस ‘सेवक’ म्हणवून घेई. वरच्याने खालच्यास लिहिले तर शेवटी ‘जाणिजे’ येई. खालच्याने वरच्यास लिहिले तर ‘हे विज्ञप्ति’ वा ‘हे विनंती’ येई. थोर मनुष्य ‘आज्ञा’ करी, धाकटा ‘विनंती’ करी. दोघेही एकच गोष्ट सांगत असले तरी क्रियापद एक नसे.

या व्यवस्थेत गौरवाच्या दिशा स्पष्टपणे वेगळ्या होत्या. धनी चाकराची सेवा उघडपणे वाखाणीत असे. इनामाच्या सनदांत एकनिष्ठ सेवेचे वर्णन येते ते याच कारणाने. परंतु चाकराने धन्याच्या गुणांची अशी मोजदाद करण्याची रीत नव्हती. त्याने एवढेच लिहावयाचे, की जे यश आले ते स्वामींच्या कृपेने वा पुण्यप्रतापे आले. या परिसराच्या इतिहासातच याचे ठळक उदाहरण आहे. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध जी वसईची मोहीम चालविली तिच्या ओघात तारापूर, डहाणू ही किनाऱ्यावरील ठाणी मराठ्यांकडे आली व मे १७३९ मध्ये वसई पडली. पेशवे बंधूंचे गुरू धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात चिमाजी आप्पा या यशाचे श्रेय स्वामींच्या आशीर्वादाकडे देतात. यात केवळ नम्रता आहे असे समजणे अपुरे होईल. गुरूची स्तुती करावयाची, परंतु गुरूचा परीक्षक व्हावयाचे नाही, अशी ती तोड होती. स्तुती करणारा आपल्याच कार्याचा वृत्तान्त सांगतो आणि त्याचे मूळ वरच्या माणसात दाखवितो. गुणांचा निवाडा न करताही गुणांचा स्वीकार त्यात होतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. आदराचे शब्द वयाबरोबरच जातीलाही जखडलेले होते. ‘नमस्कार’ हा शब्द कोणी वापरावा यावरून अठराव्या शतकात तंटे झाले. पेशव्यांच्या आग्रहावरून १७७९ साली मुंबईच्या कंपनी सरकारने तेथील सोनारांना ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा प्रकार वापरण्यास मनाई केली. एका शब्दासाठी राज्यसत्तेने आज्ञा काढावी, यावरून आदराचा शब्द ही त्या काळी एक प्रकारची मिळकतच होती हे ध्यानात येते. पुढे जी आधुनिक मराठी घडली तिला या वारशातील काही राखावयाचे होते आणि काही टाकावयाचे होते.

२

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ सालचा. भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्यांचा जन्म १९१० सालचा, म्हणजे दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर होते. १९५७ च्या सुमारास हे कार्य घोलवडजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले व वारली मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा असे प्रयोग तेथे वाढले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्यानंतर अनुताईंनी ते कार्य पुढे चालविले व १९९२ मध्ये त्यांचेही कोसबाड येथेच निधन झाले.

या दोन नावांच्या शेवटचे प्रत्यय लक्षात घेण्यासारखे आहेत. एक ‘बाई’ आहे आणि एक ‘ताई’ आहे. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, रमाबाई या नावांत जो ‘बाई’ येतो तो पूर्ण आदराचा आहे, आणि शाळेत ‘बाई’ म्हणजे शिक्षिका हा अर्थ त्याच आदरातून आला. ताराबाईंच्या पिढीला हा प्रत्यय सहज मिळाला. पुढच्या पिढीत त्याची जागा ‘ताई’ घेऊ लागला. ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण. त्यात मान आहे आणि घरोबाही आहे. दरम्यान शहरी बोलण्यात ‘बाई’ शब्दाला मोलकरीण असाही अर्थ चिकटला, त्यामुळे नव्या नावांना तो लावताना मन कचरू लागले. आदराचे शब्द वापराने झिजतात आणि त्यांच्या जागी नवे शब्द येतात, हा सर्व भाषांतील अनुभव आहे. परंतु जुन्या व्यक्तीच्या नावाशी एकरूप झालेला प्रत्यय नव्या रुचीप्रमाणे बदलणे योग्य नव्हे. ताराबाईंना आज ‘ताराताई’ करणे म्हणजे त्यांच्या काळाने दिलेला मान काढून आपल्या काळाचा मान चिकटविणे होय.

सीमेवरच्या भाषाव्यवहाराने यात आणखी एक पदर घातला. गुजरातीत त्याच ताराबाई ‘ताराबेन’ म्हणून ओळखल्या गेल्या, कारण त्या भाषेत आदराचे वजन ‘बहेन’ आणि ‘भाई’ या शब्दांवर आहे. ज्यांच्याबरोबर त्यांनी काम केले त्या गिजुभाईंना तर गुजरातेत ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, असे नाव पडले होते. एका पुरुष शिक्षकाला आई म्हणण्यात व्याकरणदृष्ट्या लिंगाचा विरोध आहे. पण त्यातच गौरवाचे मर्म आहे. पदवीने जे सांगता आले नसते ते नात्याच्या शब्दाने सांगितले. घोलवड परिसरातील गुजराती बोलणारा गृहस्थ व मराठी बोलणारा शिक्षक एकाच व्यक्तीविषयी बोलताना निरनिराळे प्रत्यय लावीत, आणि तरीही दोघांच्या आदरात उणेअधिक नसे. तेव्हा आदर प्रत्ययाच्या ध्वनीत नसून त्या भाषेतील त्याच्या स्थानात असतो.

‘बाई’ आणि ‘ताई’ या दोन्ही प्रत्ययांचा एक मोठा गुण असा, की ते स्त्रीच्या वैवाहिक स्थितीचा उल्लेख करीत नाहीत. जुन्या मायन्यांत स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ येई, विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी येई. अनुताईंचा विवाह बालपणी झाला व थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले. रूढ मायना पाळला असता तर त्यांच्या प्रत्येक गौरवाच्या आरंभी त्या वैधव्याची नोंद झाली असती. आदराच्या शब्दातच दुःखाची खूण असावी हे विचित्र होते. ‘अनुताई’ या नावाने हा प्रश्न निकालात काढला. १२ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास खात्याच्या मंत्र्यांनी विधवांच्या नावामागे ‘गंगाभागीरथी’ लावण्याचा प्रस्ताव विचारार्थ मांडला, तेव्हा त्याला तीव्र विरोध झाला. तो विरोध याच कारणाने समजण्याजोगा आहे : ज्या शब्दाने मान द्यावयाचा त्याने माणसाला तिच्या कर्तृत्वाऐवजी तिच्या आपत्तीशी बांधून ठेवू नये.

त्याच १९४५ साली तलासरी भागात दुसरी एक घटना घडत होती. झरी येथे मे महिन्यात वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला वेग आला. त्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर या आदिवासींमध्ये ‘गोदाराणी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. जमीनदाराला त्याच्या सत्तेमुळे जो मान द्यावा लागे तो भीतीचा होता. ‘राणी’ हा शब्द मात्र कोणी मागितलेला नव्हता. तो खालून वर गेला. प्रमाण मराठीच्या आदरार्थी बहुवचनाची मोजपट्टी बोलींना जशीच्या तशी लावू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत आई, आजी, आत्या यांना ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. एकवचन हे कधी तुच्छतेचे, तर कधी परम जवळिकीचे चिन्ह असते. कोणते ते बोलणाऱ्यांच्या संबंधावरून ठरते.

३

आता नावाकडून वाक्याकडे वळावे. मराठीत आदर हा शब्दापुरता राहत नाही. तो वाक्यभर चालविला जातो. ‘ताराबाई आल्या’ असे म्हटले की पुढे ‘त्या’, ‘त्यांनी’, ‘त्यांचे’, ‘ज्यांनी’ अशी सर्व सर्वनामे बहुवचनात येणे भाग आहे. ‘ताराबाई कोसबाडला आल्या आणि तिने शाळा काढली’ या वाक्यात आदर मध्येच तुटतो. असे तुटणे अनादरापेक्षाही वाईट दिसते, कारण वाचकाला लेखकाचा आदर केवळ पहिल्या शब्दापुरता वाटतो.

यात सर्वांत नाजूक जागा तृतीया विभक्तीची आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालते. ‘तारेने शाळा काढली’ आणि ‘ताराबाईंनी शाळा काढली’ या दोन वाक्यांत ‘काढली’ हे क्रियापद सारखेच आहे. आदर दाखविण्याची संधी क्रियापदाला मिळतच नाही. सगळा भार कर्त्याच्या प्रत्ययावर पडतो. म्हणून ‘ताराबाईने’ आणि ‘ताराबाईंनी’ यांतील अंतर मोठे आहे. अनुस्वार व ‘नी’ एवढ्यानेच पूर्ण मान व्यक्त होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी व्युत्पत्तीने येणारे कित्येक अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, परंतु अनेकवचनी सामान्यरूपावरचा अनुस्वार राखला आणि तो आदरार्थी बहुवचनातही देण्यास सांगितले. घाईने मुद्रिते तपासणाऱ्याच्या नजरेतून हा अनुस्वार निसटला, की छापील मजकुरात थोर व्यक्ती नकळत लहान होते.

प्रत्यक्ष संबोधनात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत. पैकी ‘आपण’ हे सर्वांत औपचारिक सर्वनाम. पण त्यातच एक खोच आहे. त्याचा दुसरा अर्थ ‘आम्ही आणि तुम्ही मिळून’ असा होतो. ‘आपण ही शाळा उभी केली’ असे एखादी तरुण शिक्षिका सत्काराच्या सभेत म्हणाली तर श्रोते संभ्रमात पडतील : श्रेय सत्कारमूर्तीला दिले की वक्तीने स्वतःलाही त्यात ओढले? म्हणून जेथे श्रेयाचाच प्रश्न असतो तेथे ‘तुम्ही ही शाळा उभी केली’ हे अधिक निःसंदिग्ध आणि अधिक जिव्हाळ्याचे ठरते. सर्वांत वरची पायरी नेहमीच सर्वांत योग्य असते असे नाही.

४

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहावे. १९६२ साली पंचविशीतील एखाद्या शिक्षिकेला सत्तरीच्या ताराबाईंविषयी चार ओळी लिहावयाच्या आहेत, असे समजा. तिच्यापुढे तीन वाटा दिसतात.

पहिली वाट अशी : ‘ताराबाईंनी फार छान काम केले आहे. मला त्यांचे कौतुक वाटते.’ येथे आदरार्थी बहुवचन बिनचूक आहे, तरीही वाक्य बिघडले आहे. ‘छान’ हा शब्द गुण देणाऱ्याचा आहे आणि ‘कौतुक’ वडीलधाऱ्याचे आहे. सर्वनामाने दिलेला मान विशेषणाने काढून घेतला. हा दोष ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे : तेच वाक्य ताराबाईंनी त्या शिक्षिकेविषयी लिहिले असते तर ते अधिक शोभले असते काय? उत्तर होकारार्थी आले, की वाक्याची दिशा उलटी आहे असे समजावे.

दुसरी वाट याच्या विरुद्ध टोकाची : ‘परमपूज्य प्रातःस्मरणीय ताराबाई मोडक यांच्या चरणी शतशः प्रणाम.’ येथे व्याकरणाचा दोष नाही, दिशाही बरोबर आहे. परंतु ‘परमपूज्य’ हा शब्द धर्मगुरूंकडे आणि ‘प्रातःस्मरणीय’ हा पुण्यश्लोकांकडे झुकतो. ताराबाईंच्या जागी कोणतेही नाव घातले तरी वाक्य तसेच राहील. म्हणजे त्यात ताराबाई नाहीत. पदांची रास वाढली की व्यक्ती दिसेनाशी होते. शिवाय हयात माणसाला प्रातःस्मरणीय म्हटल्याने त्याला संकोच वाटण्याचाच संभव अधिक.

या वाटेवर सरकारी सन्मानाचाही मोह पडतो. ‘पद्मभूषण ताराबाई मोडक’ असे लिहिणे सर्रास दिसते, पण ते नियमाला धरून नाही. संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. १९५४ साली सुरू झालेले पद्म सन्मान हे किताब नव्हेत, म्हणूनच ते देता येतात, आणि ते नावाच्या मागे वा पुढे लावू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. सन्मानाचा उल्लेख वाक्यात करावा : ‘ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण देण्यात आले.’ ही घटना म्हणून सांगता येते, नावाचा भाग म्हणून नव्हे.

तिसरी वाट अशी : ‘पाटीपेन्सिलीच्या आधी मुलाच्या हाती पाने, फुले, बिया द्याव्यात, हे ताराबाईंनी आम्हांला करून दाखविले. आज आमच्या अंगणवाडीतील मुले बियांनी मोजावयास शिकतात ती त्यांच्यामुळे.’ यात आदराचे विशेषण एकही नाही. आदर ‘ताराबाईंनी’ आणि ‘त्यांच्यामुळे’ या दोन रूपांनी व्यक्त झाला आहे. मोल ठरविण्याचा आव नाही. लेखिका साक्ष देते. काय केले ते सांगते आणि आपल्यावर त्याचा काय परिणाम झाला ते सांगते. वर दिलेली कसोटी येथे लावून पाहावी : ताराबाई हे वाक्य त्या शिक्षिकेविषयी लिहू शकल्या नसत्या, कारण ते फक्त शिकणाऱ्यालाच लिहिता येते.

ही तिसरी वाट नवी वाटते, पण तिची घडण जुनीच आहे. स्वामींच्या कृपेने वसई आली असे कळविणारा सेनापती आणि ताराबाईंमुळे मुले मोजावयास शिकली असे लिहिणारी शिक्षिका यांच्या वाक्यांची रचना एकच आहे : आपल्या कार्याचा वृत्तान्त आणि त्याचे मूळ थोराकडे. बदलले ते एवढेच, की जुन्या वाक्यात कारण म्हणून ‘कृपा’ येई, जी तपासता येत नव्हती. नव्या वाक्यात कारण म्हणून प्रत्यक्ष कृती येते, जी कोसबाडच्या टेकडीवर जाऊन पाहता येत होती. सेवकभाव गेला, कृतज्ञता राहिली.

५

या विवेचनाला मर्यादा आहेत. वरील कसोटी लेखनाला आणि सभेतील भाषणाला लागू पडते. घरातल्या बोलण्याला ती लावू गेल्यास कृत्रिमता येईल. आजीच्या हातच्या भाकरीला नातवाने ‘छान’ म्हटले तर कोणी त्याला परीक्षक समजत नाही, कारण तेथे ‘तू’ने आधीच अंतर मिटविलेले असते. तसेच, जेथे अधिकार मोठा पण वय लहान असते तेथे शब्दांची निवड अधिक कठीण होते. तरुण अधिकाऱ्याविषयी वृद्ध कर्मचारी लिहितो तेव्हा पदाला ‘साहेब’ मिळतो, परंतु वय आपला हक्क सोडीत नाही, आणि अशा वेळी ‘कौतुक’ शब्द दोन्ही बाजूंनी वावरू शकतो.

‘आदर’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण त्यात निरनिराळ्या तीन गोष्टी असतात : नावाला लागणारा प्रत्यय, वाक्यभर चालणारे बहुवचन आणि गौरवाच्या क्रियापदाची दिशा. पहिल्या दोन गोष्टी व्याकरणाच्या पुस्तकांत सापडतात व त्यांच्या चुका मुद्रिते तपासताना दुरुस्त करता येतात. तिसरी मात्र कोणत्याही नियमावलीत नाही, आणि धाकट्याने लिहिलेला गौरव बहुधा तिथेच बिघडतो.